जागा भरायला किती दिवस, माणूस आणायला किती पैसे

चाकणच्या एका कारखान्याचं उदाहरण घेऊ. गिअर आणि शाफ्ट बनवणारा, साडेतीनशे-चारशे माणसांचा. कारखाना काल्पनिक आहे, आकडेही हिशोब सोपा जावा म्हणून गोल केलेत. पण असे कारखाने चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर इथे गल्लोगल्ली सापडतात, आणि त्यांच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये एचआरच्या स्लाइडवर दोन आकडे हमखास असतात. एक टाइम टू फिल, म्हणजे रिकामी जागा भरायला सरासरी किती दिवस लागले. दुसरा कॉस्ट पर हायर, म्हणजे एक माणूस कामावर आणायला सरासरी किती खर्च आला. प्लांट हेड विचारतात, "मागच्या तिमाहीत 25 होते, या वेळी 88 कसे?" एचआर मॅनेजर म्हणतात, "बाजारात माणसंच नाहीत सर." मान डोलावली जाते आणि पुढची स्लाइड येते.

या उत्तरात तथ्य असेलही. पण 25 वरून 88 वर जाणं ही चांगली बातमीसुद्धा असू शकते, आणि ते कसं हे कळायला थोडा हिशोब उलगडावा लागतो.

एकच जागा, पाच उत्तरं

समजा कारखान्यातल्या एका क्वालिटी इंजिनिअरने राजीनामा दिला. क्वालिटी मॅनेजरने 1 जूनला मेल टाकला की माणूस हवा. बदली जागा असली तरी मंजुरी लागते, ती 12 जूनला मिळाली. 15 जूनला नोकरीच्या पोर्टलवर जाहिरात लागली. शेवटी ज्याची निवड झाली त्याचा अर्ज 24 जूनला आला. दोन मुलाखती झाल्या, पगाराची बोलणी झाली आणि 20 जुलैला त्याने ऑफर स्वीकारली. त्याचा नोटीस पीरियड 60 दिवसांचा होता, त्यामुळे तो प्रत्यक्ष रुजू झाला 18 सप्टेंबरला.

आता ही जागा किती दिवसांत भरली? मॅनेजरला विचारा, तो म्हणेल 109 दिवस, कारण त्याच्या दृष्टीने माणूस मागितल्यापासून माणूस लाइनवर उभा राहीपर्यंतचा काळ महत्त्वाचा. मंजुरीपासून होकारापर्यंत मोजलं तर 38 दिवस. जाहिरातीपासून होकारापर्यंत 35. मागणीपासून होकारापर्यंत 49. आणि उमेदवाराच्या अर्जापासून त्याच्या होकारापर्यंत मोजलं तर फक्त 26. यातलं एकही उत्तर खोटं नाही.

टाइम टू फिल साधारणपणे जागेला मंजुरी मिळाल्यापासून उमेदवाराने ऑफर स्वीकारेपर्यंत मोजतात, म्हणजे आपल्या उदाहरणात 38. अर्जापासून होकारापर्यंतच्या 26 दिवसांना टाइम टू हायर म्हणतात. हे दोन शब्द बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि एखाद्या परिषदेत कुणी "आमचं वीस-पंचवीस दिवसांत होतं" असं सांगितलं की दुसऱ्या कंपनीचे मालक आपल्या एचआरवर डोळे वटारतात. समोरचा कुठून कुठपर्यंत मोजतो हे विचारलेलंच नसतं.

होकारापाशी घड्याळ थांबवण्याची पद्धत अमेरिकेत चालून जाते. तिथे नोकरी सोडताना दोन आठवड्यांची सूचना देण्याचा प्रघात आहे, त्यामुळे होकार आणि रुजू होणं यांत फारसं अंतर पडत नाही. आपल्याकडे 30, 60, काही ठिकाणी 90 दिवसांचा नोटीस पीरियड असतो. एवढ्या काळात उमेदवाराचं मन बदलतं, त्याची जुनी कंपनी पगार वाढवून देते, किंवा तो आपली ऑफर दाखवून तिसरीकडे जास्त मिळवतो. होकार देऊन न येणारे उमेदवार हे आपल्याकडच्या भरतीचं रोजचं दुखणं आहे. म्हणून इथे दोन आकडे ठेवणं शहाणपणाचं: एक होकारापर्यंतचा, दुसरा रुजू होईपर्यंतचा. पहिला आपल्या प्रक्रियेबद्दल बोलतो. दुसरा लाइनवर जागा किती दिवस रिकामी राहिली ते सांगतो.

आणि उमेदवार आलाच नाही तर? बऱ्याच ठिकाणी जुनी मागणी "भरली" म्हणून बंद करतात आणि नवी मागणी नव्या क्रमांकाने उघडतात. मग कागदावर 38 दिवसांची एक आणि 30 दिवसांची एक अशा दोन जागा छान भरलेल्या दिसतात, आणि मॅनेजर मात्र चार-पाच महिने माणसाविना काढतो. मागणीचा क्रमांक तोच ठेवायचा आणि माणूस गेटच्या आत येईपर्यंत ती बंद करायची नाही, एवढा एक नियम केला तरी निम्मी दिशाभूल थांबते.

घोडं नेमकं कुठे पेंड खातं

सरासरी 38 दिवस आली, म्हणून "भरती वेगात करा" असं एचआरला सांगून काही होत नाही. त्या 38 दिवसांच्या आत काय घडलं ते पाहायला हवं. मंजुरी ते जाहिरात 3 दिवस. जाहिरात ते योग्य उमेदवाराचा अर्ज 9 दिवस. अर्ज आल्यावर तो क्वालिटी मॅनेजरच्या मेलबॉक्समध्ये 8 दिवस पडून राहिला, कारण त्या आठवड्यात ग्राहकाचं ऑडिट होतं. दोन मुलाखतींना मिळून 10 दिवस गेले. त्यात प्रत्यक्ष मुलाखतीचे तास दीड-दोनच, बाकी सगळा वेळ दोघांच्या तारखा जुळवण्यात. पगाराच्या प्रस्तावावर सही व्हायला 5 दिवस, आणि उमेदवाराने विचार करायला घेतले 3.

एचआरच्या हातात यातलं किती होतं? जाहिरातीचे 3 दिवस, आणि अर्ज लवकर मिळवण्यासाठी काही करता आलं असतं तर त्या 9 मधले थोडे. उरलेल्या 26 पैकी 23 दिवस कुणाच्या तरी सहीची, वेळेची किंवा लक्षाची वाट बघण्यात गेले. मंजुरीआधीचे 11 दिवस तर या आकड्यात धरलेलेच नाहीत. म्हणून हा आकडा एकट्या एचआरच्या नावावर टाकणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर काढणं.

टप्प्यांची अशी नोंद ठेवायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलमध्ये प्रत्येक जागेची एक ओळ आणि मागणी, मंजुरी, जाहिरात, अर्ज, निवड, ऑफर, होकार, रुजू अशा तारखांचे रकाने पुरतात. कठीण असतं ते तारखा त्याच दिवशी भरणं. महिनाअखेरीला आठवून भरलेल्या तारखा नेहमी सोयीच्या असतात.

जे अजून रांगेत आहेत त्यांचं काय

आता त्या 25 आणि 88 कडे वळू. टाइम टू फिलची सर्वांत मोठी खोट अशी की त्यात फक्त भरलेल्या जागा मोजल्या जातात. दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्यांनाच "किती वेळ थांबलात?" असं विचारून सरासरी काढावी आणि सकाळपासून बाकावर बसलेल्यांना विचारूच नये, तसा हा प्रकार.

आपल्या कारखान्यात एप्रिल ते जून या तिमाहीत दहा जागा हाताळल्या गेल्या. सात भरल्या, त्यांना लागलेले दिवस असे: 18, 20, 22, 25, 27, 30 आणि 33. बेरीज 175, सरासरी 25. उत्तम. पण तीन जागा जूनअखेर उघड्याच होत्या. एक टूल डिझाइनरची, एक मेंटेनन्स इंजिनिअरची आणि एक हीट ट्रीटमेंटच्या सुपरवायझरची. त्यांना अनुक्रमे 95, 110 आणि 140 दिवस झाले होते. स्लाइडवर त्यांचा पत्ताच नव्हता. सोप्या जागा भरल्या, अवघड तशाच राहिल्या, आणि आकडा सुंदर दिसला.

पुढच्या तिमाहीत एचआरने या तीन जागांच्या मागे लागून त्या भरल्या. भरताना त्यांचं वय 150, 170 आणि 200 दिवस झालं होतं. शिवाय चार साध्या जागा 20, 22, 26 आणि 28 दिवसांत भरल्या. सातही जागांची बेरीज 616, सरासरी 88. म्हणजे ज्या तिमाहीत खरं काम झालं, सहा महिने लटकलेल्या जागा मार्गी लागल्या, त्याच तिमाहीत एचआरच्या कपाळावर लाल रंग. आणि ज्या तिमाहीत अवघड जागांकडे दुर्लक्ष झालं, तेव्हा शाबासकी. एखाद्या हुशार माणसाला हे लक्षात आलं की पुढे काय होईल ते सांगायला नको. अवघड जागा भरण्यापेक्षा उघडी ठेवणं त्याच्या सोयीचं ठरतं.

यावर दोन साधे उपाय आहेत. पहिला, सरासरीऐवजी मध्यक बघायचा. सगळे दिवस चढत्या क्रमाने लावायचे आणि बरोब्बर मधला आकडा घ्यायचा. पहिल्या तिमाहीचा मध्यक 25, दुसऱ्याचा 28. म्हणजे नेहमीच्या जागांच्या वेगात फारसा फरक पडलेला नाही, हे लगेच कळतं. पण मध्यकाचा तोटाही तोच: 150 ते 200 दिवसांच्या जागा तो पोटात घालतो. म्हणून दुसरा उपाय जोडीला हवाच. उघड्या जागांचं आजचं वय दाखवणारी यादी, जुनी जागा सर्वांत वर. एक्सेलमध्ये दोन्ही गोष्टी एका ओळीच्या आहेत. मंजुरीची तारीख बी रकान्यात आणि लागलेले दिवस डी रकान्यात असतील तर:

```
=MEDIAN(D2:D8)
=TODAY()-B9
```

पहिलं सूत्र भरलेल्या जागांचा मध्यक देतं. दुसरं, नवव्या ओळीतली जागा अजून उघडी असेल तर तिला आजपर्यंत किती दिवस झाले ते सांगतं. उत्तर तारखेच्या रूपात दिसलं तर त्या घराचा फॉरमॅट बदलून साधा आकडा करायचा.

मीटिंगमध्ये मध्यकावर अर्धा मिनिट घालवा आणि यादीवर दहा मिनिटं. हीट ट्रीटमेंटचा सुपरवायझर 140 दिवस का मिळत नाही याचं उत्तर "बाजार" हेच असेल असं नाही. कदाचित अपेक्षित पगार तीन वर्षांपूर्वीचा असेल, कदाचित मॅनेजरला एकाच माणसात धातुशास्त्राची पदवी, दहा वर्षांचा अनुभव आणि रात्रपाळीची तयारी हवी असेल.

आता पैशाचं

कॉस्ट पर हायरचं सूत्र शाळकरी आहे. भरतीवरचा अंतर्गत खर्च आणि बाहेरचा खर्च मिळवायचा आणि त्याला त्या काळात घेतलेल्या माणसांच्या संख्येने भागायचं. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर ह्युमन रिसोर्स मॅनेजमेंट या संस्थेच्या पुढाकाराने 2012 मध्ये याचं एक प्रमाण ठरलं, पुढे आयएसओनेही ते उचललं. प्रमाण करण्याची गरज पडली कारण प्रत्येक कंपनी खर्चात वेगळ्या गोष्टी धरत होती. आजही धरते.

आपल्या कारखान्याने वर्षभरात 60 माणसं घेतली असं समजू. बाहेरचा खर्च असा: नोकरीच्या पोर्टलची वार्षिक वर्गणी दीड लाख. दहा इंजिनिअर माणसं शोधून देणाऱ्या कन्सल्टन्सीमार्फत आले. त्यांचा वार्षिक पगार सरासरी 6 लाख, आणि कन्सल्टन्सीचा नेहमीचा दर 8.33 टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, म्हणून प्रत्येकी 50 हजार, एकूण 5 लाख. वीस जण आपल्याच कामगारांच्या ओळखीतून आले, ओळख आणणाऱ्याला 5 हजार बक्षीस, एकूण 1 लाख. सगळ्यांची वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांची पडताळणी, माणशी दीड हजार, एकूण 90 हजार. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या फेऱ्या, स्थानिक जाहिराती, 60 हजार. बेरीज 9 लाख. भागिले 60, माणशी 15 हजार.

यात भरतीचंच काम करणाऱ्या एचआरच्या दोघांचा पगार नाही. तो वर्षाचा 9 लाख धरला की एकूण 18 लाख आणि माणशी 30 हजार. मुलाखती घेणाऱ्या मॅनेजरांचा वेळही फुकट नसतो. एका निवडीमागे अर्ज वाचणं, फोन, नापास झालेल्यांच्या मुलाखती मिळून दहा तास गेले आणि तासाचे 600 रुपये धरले तर माणशी आणखी 6 हजार, म्हणजे 36 हजार. तीन आकडे, वर्ष तेच, माणसं तीच. अकाउंट्सवाले बहुधा पहिला सांगतात कारण त्याची बिलं असतात. कोणता घ्यायचा याला एकच बरोबर उत्तर नाही. मी स्वतः 30 हजारांचा घेईन, कारण मॅनेजरांचे तास कुणी प्रामाणिकपणे लिहीत नाही आणि अंदाजावर अंदाज रचला जातो. पण जो घ्याल तो वर्षानुवर्षं तोच ठेवा, आणि स्लाइडच्या तळाशी काय धरलंय ते एका ओळीत लिहा.

भाजकाचा प्रश्न जास्त फसवा आहे. पुढच्या वर्षी ऑर्डर मंदावल्या आणि भरती 60 वरून 25 वर आली असं समजा. वर दाखवलेल्या 18 लाखांपैकी एचआरचे पगार आणि पोर्टलची वर्गणी मिळून साडेदहा लाख हा ठरलेला खर्च आहे, माणसं 60 घ्या किंवा 25. बाकी साडेसात लाख माणसांगणिक बदलतात, माणशी साडेबारा हजार. 60 माणसांत ठरलेला खर्च वाटला की माणशी साडेसतरा हजार, एकूण 30 हजार. तोच 25 माणसांत वाटला की माणशी 42 हजार, एकूण 54 हजार 500. कुणीही एक पैसा जास्त उधळलेला नाही, तरी आकडा जवळपास दुप्पट. उलट तेजीच्या वर्षी हाच आकडा काही न करता उतरतो आणि कुणीतरी त्याचं श्रेय घेतं. म्हणून ठरलेला आणि बदलता खर्च वेगळे दाखवावेत. एचआरने पोर्टल नीट वापरलं का, कन्सल्टन्सीवर भार वाढला का, हे बदलत्या खर्चात दिसतं.

दोघं सुधारले, घर बिघडलं

आणखी एक हिशोब दाखवतो, कारण तो पहिल्यांदा पाहिला की चुकल्यासारखा वाटतो. एका तिमाहीत 40 ऑपरेटर घेतले, माणशी 5 हजारांत, आणि 10 इंजिनिअर घेतले, माणशी 70 हजारांत. एकूण 9 लाख, 50 माणसं, सरासरी 18 हजार. पुढच्या तिमाहीत एचआरने दोन्हीकडे बचत केली. ऑपरेटर साडेचार हजारांत, इंजिनिअर 65 हजारांत. पण नवी लाइन येणार म्हणून या वेळी 20 ऑपरेटर आणि 20 इंजिनिअर लागले. ऑपरेटरांचे 90 हजार, इंजिनिअरांचे 13 लाख, एकूण 13 लाख 90 हजार, भागिले 40. सरासरी 34 हजार 750.

दोन्ही प्रकारच्या भरतीचा खर्च उतरला आणि कंपनीची सरासरी जवळजवळ दुप्पट झाली. कुठल्याच प्रकारचा माणशी खर्च वाढलेला नाही, माणसांचं मिश्रण बदललंय. टाइम टू फिललाही हेच लागू होतं. ऑपरेटर आणि टूल डिझाइनर यांची एकत्र सरासरी कुणाचंच वर्णन करत नाही. कामाच्या प्रकारानुसार तीन-चार गट पाडून प्रत्येकाचा आकडा स्वतंत्र पाहिला, तरच एका तिमाहीची दुसरीशी तुलना करता येते.

याच कारणाने बाहेरच्या सरासऱ्यांना फार भाव देऊ नये. वर उल्लेख आलेल्या अमेरिकन संस्थेच्या 2016 च्या अहवालातले 4,129 डॉलर आणि 42 दिवस हे आकडे अजूनही प्रेझेंटेशनमध्ये फिरताना दिसतात. ती तिथल्या नाना तऱ्हेच्या कंपन्यांची, नाना तऱ्हेच्या कामांची सरासरी. चाकणमध्ये व्हीएमसी हे धातू कापणारं यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरशी तिचं काय देणंघेणं? आपली तुलना आपल्याच मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करावी. त्याच तिमाहीशी अशासाठी की दिवाळीचा बोनस आणि एप्रिलची पगारवाढ हातात पडेपर्यंत लोक हलत नाहीत, आणि हातात पडली की एकदम हलतात.

स्वस्त माणूस किती दिवस टिकला

कॉस्ट पर हायर कमी करायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जो येईल त्याला घेणं. म्हणून खर्चाला टिकण्याची जोड द्यावी लागते. आपल्या कारखान्यात 30 ऑपरेटर गेटवरच्या थेट भरतीतून आले, माणशी 4 हजार खर्च. सहा महिन्यांनी त्यातले 12 उरले. म्हणजे 1 लाख 20 हजारांत 12 माणसं, टिकलेला माणूस 10 हजारांना पडला. ओळखीतून 20 आले, बक्षीस धरून माणशी 7 हजार. सहा महिन्यांनी 16 होते. 1 लाख 40 हजार भागिले 16, माणशी 8,750. स्लाइडवर महाग दिसणारा रस्ता खरं तर स्वस्त. यात गेलेल्या अठरा जणांना यंत्रावर शिकवण्यात गेलेला वेळ आणि वाया गेलेले पार्ट्स धरलेलेच नाहीत.

एक सावधगिरी: ओळखीतून आलेले जास्त टिकले याचं कारण ओळख हेच असेल असं नाही. ते सगळे जवळच्या राजगुरुनगर-मंचर भागातले असतील आणि गेटवरचे लांबून येऊन खोली करून राहणारे, तर फरक अंतराचाही असू शकतो. दोन्ही रस्त्यांनी आलेल्यांपैकी जवळचे-जवळचे आणि लांबचे-लांबचे वेगळे करून पाहावेत.

दोन आकडे एकमेकांना ओढतात

दिवस कमी करायचे तर पैसे जास्त लागतात, पैसे वाचवायचे तर दिवस वाढतात. कन्सल्टन्सी बंद केली की खर्च उतरतो आणि इंजिनिअरची जागा आणखी महिनाभर रेंगाळते. म्हणून एकाच माणसाला दोन्ही आकडे एकाच वेळी खाली आणायचं उद्दिष्ट देणं बरोबर नाही. कुठल्या जागेसाठी वेग विकत घ्यायचा हे जागा रिकामी राहिल्याने काय बुडतं त्यावरून ठरवावं.

समजा एका व्हीएमसीचा तासाचा दर 500 रुपये आणि ते यंत्र दोन पाळ्यांत 14 तास चालतं. दिवसाचे 7 हजार. यंत्र कामासाठी जुळवून देणारा सेटर नाही म्हणून ते 20 दिवस पूर्ण बंद राहिलं तर 1 लाख 40 हजारांचं काम बुडालं. अशा वेळी कन्सल्टन्सीचे तीस-चाळीस हजार वाचवणं म्हणजे दात कोरून पोट भरणं. पण हा हिशोब डोळे मिटून लावू नये. यंत्र खरंच बंद पडलं का, की शेजारच्या पाळीतल्या माणसाने ओव्हरटाइम करून काम ओढलं? तसं असेल तर नुकसान ओव्हरटाइमच्या दुप्पट दराइतकंच, आणि त्यातूनही न दिलेला पगार वजा होतो. त्या यंत्राला तेव्हा पुरेशा ऑर्डर नसतील तर नुकसान शून्याच्या जवळ. जिथे अख्खी लाइन त्या एका जागेपाशी अडते, तिथेच घाई करण्यात अर्थ आहे. बाकी जागांवर 38 ऐवजी 50 दिवस लागले तर बिघडत नाही, विशेषतः त्या बारा दिवसांत एक बरी मुलाखत जास्त घेता येत असेल तर.

आकडा शिजवलाय हे कसं ओळखायचं

उद्दिष्ट आणि बक्षीस आकड्याला बांधलं की लोक आकड्याची काळजी घेऊ लागतात. नेहमीचे प्रकार थोडेच आहेत. माणूस आधी शोधायचा आणि तो हो म्हणाला की मगच मागणी सिस्टिममध्ये टाकायची. अशा वेळी बऱ्याच जागा दोन-तीन दिवसांत भरलेल्या दिसतात आणि उमेदवाराच्या बायोडेटाची तारीख मागणीच्या आधीची निघते. दुसरा प्रकार, जुनी मागणी "होल्ड"वर टाकून किंवा रद्द करून नवी उघडायची. त्याच विभागात, त्याच पदाची, रद्द झाल्यानंतर आठवडाभरात आलेली मागणी शोधली की हे सापडतं. तिसरा, अंतर्गत बदल्या आणि बढत्या भरतीत मोजायच्या. त्यांना ना खर्च ना वेळ, त्यामुळे दोन्ही सरासऱ्या एकदम गोजिऱ्या होतात. कन्सल्टन्सीचं बिल "प्रोफेशनल फी" म्हणून दुसऱ्या विभागाच्या खात्यात टाकल्याचंही पाहायला मिळतं. ते मात्र अकाउंट्सची मदत घेतल्याशिवाय दिसत नाही.

हे सगळं वर्षाला चाळीस-पन्नास किंवा जास्त माणसं घेणाऱ्यांसाठी. पंधरा-वीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये वर्षाला सहा-सात जणांची भरती होते, तिथे एकच अडलेली जागा सरासरी कुठच्या कुठे नेते आणि गट पाडले तर प्रत्येक गटात दोन-दोन माणसं उरतात. तिथे सरासरी काढूच नये. वहीत प्रत्येक माणसाची एक ओळ लिहावी: कधी हवा होता, कधी आला, कुठून आला, किती पैसे गेले, आज आहे का, नसेल तर कधी गेला आणि जाताना काय म्हणाला. शेवटचा रकाना स्लाइडवर कधीच नसतो, आणि पुढचा माणूस कुठे शोधायचा ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं.